धारच्या बाईंनी बटन वेळेत दाबलं होतं

आमच्या देवासच्या मराठी मंडळाने धारच्या मंडळाला बोलावून ज्येष्ठांची प्रश्नमंजूषा घेतली, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. त्या दिवशी शेवटच्या फेरीत धारच्या बाईंवर दोन ठपके आले. एक, त्यांनी वेळ संपेपर्यंत बटन दाबलं नाही. दुसरा, देवासची पाळी असताना त्यांनी मधेच बटन दाबलं. दोन्ही खोटे होते. ते ठेवणारं घड्याळ मी बनवलं होतं, आणि निकाल माईकवरून सांगणाराही मीच होतो.

हे लिहायला मला इतका वेळ का लागला, ते मलाही धड सांगता येत नाही. जमेल तसं सांगतो.

मी मूळचा खानदेशातला. नोकरीसाठी देवासला आलो आणि एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. सारी उमर पॅनेल, रिले आणि टायमर यांच्यात गेली. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करायला लागलो, तेव्हा तिनेच मला घराजवळच्या कॉम्प्युटर क्लासात पाठवलं. "तिथे जाऊन काय बंद-चालू करायचं ते करा," म्हणाली. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. घरी मराठी, पण शाळा हिंदीत झालेली, त्यामुळे बोलताना अर्धं वाक्य तिकडे, अर्धं इकडे. त्यांनी मला पायथन शिकवायला घेतलं. तिसऱ्या महिन्यात मी उलटं मोजणारं घड्याळ बनवलं: आकडा दाखव, एक सेकंद थांब, आकड्यातून एक वजा कर, पुन्हा दाखव. थांबण्यासाठी टाइम डॉट स्लीप असं लिहायचं आणि कंसात किती सेकंद ते सांगायचं. तीसवरून शून्यावर पोचणारं ते घड्याळ पाहून मला इतका आनंद झाला की मी ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

मंडळाने प्रश्नमंजूषा ठरवली तेव्हा साहजिकच घड्याळ माझ्याकडे आलं. पहिल्या फेऱ्या हातातल्या घड्याळावर व्हायच्या होत्या. शेवटची फेरी कॉम्प्युटरवर. सहा प्रश्न, दोन्ही गावांना आळीपाळीने तीन-तीन. ज्याची पाळी त्याला तीस सेकंद. उत्तर तयार झालं की बटन दाबायचं, एकदाच दाबायचं, आणि मग बोलायचं. मी आकड्यांचे दोन छोटे कीबोर्ड आणून लॅपटॉपला जोडले. धारच्या टेबलावरच्या कीबोर्डला एकवर लाल चिकटपट्टी, देवासच्या टेबलावरच्याला दोनवर हिरवी. एक आलं तर पडद्यावर 'धार', दोन आलं तर 'देवास'. प्रश्न संपला की प्रोग्राम दहा सेकंद थांबायचा, तेवढ्यात पुढचा प्रश्न वाचून व्हायचा, आणि घड्याळ आपोआप पुन्हा तीसवर. नियमही मीच लिहिले. त्यातला एक असा, की दुसऱ्याच्या पाळीत बटन दाबलं तर दोन गुण वजा.

घरी मी आठ-दहा वेळा करून पाहिलं. बटन दाबलं की घड्याळ थांबत होतं. बायकोने एकदा म्हटलं, "जरा उशिरा थांबतंय का हो?" मी म्हटलं, "तुझी नजर आधी पळते."

कार्यक्रमाच्या सकाळी हॉलमध्ये पडदा लावून घड्याळ चालवलं, तर आमच्या अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला. "अहो, हे दर सेकंदाला बदलतंय! आमच्यातल्या निम्म्यांना बीपी आहे. जरा दमाने मोजा ना." मी खाली बसलो आणि स्लीपच्या कंसातला एकचा पाच केला. वजाही पाच. आता आकडे तीस, पंचवीस, वीस असे शांतपणे उतरू लागले. अध्यक्ष खूश. पुन्हा बटन दाबून बघावं असं माझ्या मनात आलं नाही, कारण माझ्या समजुतीप्रमाणे मी फक्त पडद्यावरचा आकडा किती वेळाने बदलायचा एवढंच बदललं होतं.

ही समजूत कुठून आली, ते सांगायला हवं. आमच्या पॅनेलमध्ये टायमर आपला स्वतंत्र मोजत बसायचा, आणि स्टॉपचं बटन वेगळ्या जागी, थेट विजेच्या लाईनमध्ये असायचं. टायमर दहा मिनिटांचा असो की तासाचा, स्टॉप दाबला की मशीन त्या क्षणी बंद. टायमर मोजतोय म्हणून स्टॉप ऐकणार नाही, असं पॅनेल मी पाहिलं नव्हतं. असं कुणी बनवलं असतं, तर मीच त्याला कारखान्याबाहेर काढलं असतं. प्रोग्रामही तसाच असणार असं मी धरून चाललो होतो. आत एक जण मोजतो आणि दुसरा बटनाकडे लक्ष ठेवून बसतो, असं काहीतरी.

धारचा संघ तिघांचा होता. त्यांच्या पुढारी म्हणजे या बाई. शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. घराणं पूर्वी संस्थानच्या चाकरीत होतं. बोलणं असं की आमच्याकडच्या तरुणांना अर्धे शब्द कळायचे नाहीत. रविवारी सकाळी त्या आपल्या घरच्या ओसरीवर मुलांना मराठी वाचायला शिकवत. ज्या मुलांचं घरचं बोलणं मराठी, पण छापील मराठी पुस्तक पुढे आलं की जीभ अडखळते, त्यांच्यासाठी. धारमधली बरीच कुटुंबं त्यांच्या भरवशावर होती.

शेवटची फेरी सुरू झाली. बटन दाबल्यावर घड्याळ जरा उशिरा थांबत होतं. आमच्या संघाचा कप्तान, गमत्या माणूस, मला माळवी थाटात भाऊ म्हणून हाक मारत मोठ्याने म्हणाला, "भिया, तुमचा कॉम्प्युटर जेवून आलाय का? डुलक्या घेतोय!" हॉल हसला. मीही हसलो. प्रोजेक्टरची तार लांब आहे, असं काहीबाही उत्तर दिलं. तारेने असा उशीर होत नाही हे मला माहीत होतं.

चार प्रश्न झाले तेव्हा दोन्ही गावं बरोबरीत. पाचवा प्रश्न धारचा. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. पडद्यावर दहा, मग पाच. पाचचा आकडा येऊन थोडा वेळ झाला असेल, बाईंनी डोळे उघडले आणि लाल पट्टीवर बोट ठेवून दाबलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. ते बोट खाली जाताना मी पाहिलं. पडद्यावर पाचच होता. मग तो गेला आणि आलं, 'वेळ संपली'.

"मी दाबलं होतं," बाई म्हणाल्या.

मी पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांनी एक पाहिलं होतं, पडदा दुसरं सांगत होता. मी गोंधळलो. वाटलं, बोट टेकलं असेल, नीट दाबलं गेलं नसेल. माईक हातात होता. मी म्हणालो, "बाई, मशीनमध्ये नोंद नाही."

तेवढ्यात दहा सेकंद सरले आणि देवासचा प्रश्न सुरू झाला. तीस. आमचा कप्तान अजून डोकं खाजवत होता, त्याचे दोन्ही हात वर होते. पंचवीसचा आकडा यायच्या जागी घड्याळ थांबलं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'धार'.

कप्तान उठून उभाच राहिला. "अरे! आमच्या पाळीतही यांनाच बोलायचंय का? बाई, शाळेत पोरांना 'पाळी येईपर्यंत गप्प बसा' कोण म्हणायचं?"

लोक हसले. बाईंचे हात मांडीवर होते. त्या म्हणाल्या, "आत्ता मी दाबलं नाही. मघाशी दाबलं होतं. आत्ता नाही."

त्या वेळी ते ऐकून हॉलमध्ये जी चुळबुळ झाली ती मला आठवते. वय झालेल्या माणसाला आत्ता आणि मघाशी यांत घोळ होतोय, असं सगळ्यांना वाटलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या धारच्याच गृहस्थांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "असू द्या, बाई, होतं असं." माझ्या नियमाप्रमाणे दोन गुण वजा झाले. ते मीच जाहीर केले. देवास जिंकलं. या वयात प्रोग्राम लिहिला म्हणून मला शाल मिळाली. बाईंनी तो छोटा कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला, तार नीट गुंडाळून, आणि गेल्या.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी बायकोचा गुडघ्याचा व्यायाम सुरू झाला. तिला मधेच थांबता यावं म्हणून मी त्याच घड्याळात थांबवण्याची कळ घालू लागलो. स्लीप पाचचाच होता. कळ दाबली की घड्याळ कधी लगेच थांबे, कधी बराच वेळ ढिम्म. मी लॅपटॉप उचलून क्लासात गेलो.

मॅडमनी ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "काका, यात कळ कधी बघताय तुम्ही?"

"सारखीच बघतोय ना."

"कुठे? दाखवा कुठल्या ओळीत." मी बोट ठेवलं. ती ओळ स्लीपच्या खाली होती. "हं. तर इथे पोचल्यावरच बघणार. आणि वर पाच सेकंद काय करतोय प्रोग्राम?"

"मोजतोय."

"नाही हो काका. मोजत-बिजत कुछ नहीं, झोपलाय. पूरा का पूरा. फक्त आकडा नाही झोपत, सगळा प्रोग्राम त्या ओळीवर थांबतो. कळ बघणार कोण? तोच एक माणूस आहे आत."

मी म्हटलं, "पण मॅडम, टायमर वेगळा आणि स्टॉप वेगळा..."

"पॅनेल नका आणू मध्ये," त्या हसल्या. "इथे एकच ओळ एका वेळी. ही संपेपर्यंत पुढची नाही." मग त्यांनी पडद्यावर एक खिडकी उघडली. तिच्यात आकडा आणि खाली थांबवण्याचं बटन. चालू केल्यावर आतल्या स्लीपने खिडकीच गोठली. बटन दाबलं तरी दबेना, खिडकी हलवली तरी हलेना, वर 'प्रतिसाद नाही' असं लिहून आलं. "पडद्यावर खिडकी रंगवणारा, क्लिक ऐकणारा, सगळा तोच. तो झोपला तर कोण रंगवणार?"

उपाय त्यांनी तिथेच करून दाखवला. मोठी झोप द्यायचीच नाही. सुरुवातीला घड्याळाची वेळ टिपून ठेवायची, मग सेकंदाच्या विसाव्या भागाइतकी डुलकी, उठून कळ बघायची, आत्ताची वेळ बघायची, किती उरले ते वजाबाकीने काढायचं, पुन्हा डुलकी. आकडा दर पाच सेकंदांनी बदलायचा असेल तर तो तसा बदला, त्याचा झोपेशी संबंध नाही. खिडकी असेल तर स्लीप अजिबात नको. तिलाच सांगून ठेवायचं की अमुक वेळाने मला हाक मार, तोवर ती आपली बाकीची कामं करत राहते.

मला समजत होतं आणि समजतही नव्हतं. निघता निघता मी विचारलं, "मग झोपेत असताना दाबलेली कळ कुठे जाते?"

"जात नाही कुठे. लाईनमध्ये उभी राहते. कोणी वाचेपर्यंत."

"किती वेळ?"

"जब तक कोई पढ़े नहीं, काका. प्रोग्राम चालू असेपर्यंत. पुढच्या फेरीतही पहिली तीच मिळेल."

मी तिथेच खुर्चीवर पुन्हा बसलो.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी मी जुना प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचली. पाचचा आकडा दाखवला, झोपला. त्या झोपेत बाईंनी दाबलं. उठला, पाच वजा केले, शून्य आलं. शून्य आलं की कळ न बघताच 'वेळ संपली' म्हणायचं, असं मीच लिहिलं होतं. बाईंची कळ तशीच रांगेत. मग दहा सेकंदांची झोप. मग देवासची पाळी, तीस, पाच सेकंदांची झोप, उठून कळ बघितली, तर मिळाली बाईंची. बाई म्हणाल्या होत्या तेच शब्दशः खरं होतं. मघाशी दाबलं होतं, आत्ता नाही. शेवटच्या पाच सेकंदांत दाबणाऱ्या कुणालाच त्या घड्याळात न्याय नव्हता. घरी मी कधी शेवटच्या क्षणाला दाबून पाहिलंच नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. शाल कपाटात होती. मंडळात लोक मला 'कॉम्प्युटरवाले' म्हणू लागले होते. एका खेळाचे दोन गुण, त्याचं काय एवढं, असंही मी मनाशी म्हणत होतो. आणि हेही सांगतो की काही दिवस मला खरंच कळत नव्हतं की चूक माझी की मशीनची. मशीनने मी लिहिलं तेच केलं होतं. अध्यक्षांनी दमाने मोजायला सांगितलं होतं. मी असा एकेकाकडे जाऊन परत माझ्याकडेच यायचो.

दीड वर्षाने एका लग्नात बायकोला धारकडच्या बायका भेटल्या. घरी येऊन ती म्हणाली, "त्या धारच्या बाईंचा रविवारचा वर्ग बंद झाला म्हणे. विसरतात फार. तुमच्या त्या कार्यक्रमापासूनच लोकांच्या लक्षात आलं, म्हणत होत्या. मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले वयामुळे असेल. मग पालकांनी हळूहळू मुलं पाठवणं थांबवलं, आणि त्यांनीही स्वतःच बंद केला."

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी विचारलं होतं, उशिरा थांबतंय का. मला म्हणालात नजर पळते." आणि आत गेली.

तरीही मला धारला जायला आणखी काही महिने लागले. इंदूरहून बस बदलून लॅपटॉप छातीशी धरून गेलो. दार बाईंनीच उघडलं.

"तुम्ही देवासचे. घड्याळवाले," त्या लगेच म्हणाल्या. "या, बसा."

मी प्रस्तावना जमवून आणली होती, ती सगळी गेली. लॅपटॉप उघडला, तो छोटा कीबोर्ड जोडला आणि म्हटलं, "बाई, पाच आला की दाबा." त्यांनी दाबलं. 'वेळ संपली.' "आता हात मांडीवर ठेवा आणि थांबा." आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. तीस आला. मग 'धार'.

बाईंनी चष्मा नीट केला. "पुन्हा."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आता मी मुळीच दाबत नाही. बघू काय होतं." त्या वेळी 'धार' आलं नाही, घड्याळ मुकाट उतरत शून्यावर गेलं. चौथ्यांदा त्यांनी दहाच्या आकड्याला दाबलं, तेव्हा पाचवर येताना घड्याळ थांबलं आणि 'धार' तेव्हाच आलं. त्यांनी वर्गातल्या मुलाला विचारावं तसं मला विचारलं, "हे असं का?" मी मॅडमनी सांगितलं तसं सांगितलं. एकच माणूस आत, आणि तो झोपलेला.

"म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं."

"नाही, बाई."

"तुम्हाला हे केव्हा उमगलं?"

"आठ-दहा दिवसांतच."

त्या उठून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आल्या. ते माझ्यापुढे ठेवताना म्हणाल्या, "मी रोज रात्री आठवून बघत होते, मी दोनदा दाबलं की एकदा. शेवटी शेवटी मला दोनदा दाबल्याचं स्पष्ट दिसायला लागलं होतं."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली आणि अचानक विचारलं, "मग परवा माझं दूध उतू गेलं. गेल्या महिन्यात शेजारणीचं नाव आठवेना. तेही तुमच्या घड्याळातलं समजू?"

कुठलं विसरणं त्यांचं वयाचं, आणि कुठलं लोकांनी 'विसरता' म्हणून म्हणून त्यांच्यात घातलेलं, ते कसं वेगळं काढायचं? प्रोग्राममध्ये ओळ सापडली. इथे सापडत नाही.

संध्याकाळी त्यांचा मुलगा जवळच्या तिरला गावाहून कामावरून आला. बाईंनी त्याला बसवून स्वतः बटन दाबून दाखवलं. तो दोनदा पाहून माझ्याकडे वळला. "काका, दोन साल? एक फोन नाही करता आला? मी आईला डॉक्टरकडे फिरवत होतो." तो पुढे बोलणार होता, पण बाई म्हणाल्या, "त्यांना लिहू दे. आपल्या दोन्ही मंडळांच्या अंकात लिहू दे, म्हणजे सगळे वाचतील. माझं नाव नको. धारच्या बाई म्हटलं की धारला कळतं." मग माझ्याकडे पाहून, "आणि मशीनचं नीट समजावून लिहा. नुसतं 'बिघाड झाला' लिहिलंत तर लोक म्हणतील, म्हातारीला बरं वाटावं म्हणून लिहिलंय."

म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. कुणाला शंका असेल तर जुना प्रोग्राम जसाच्या तसा ठेवला आहे, येऊन दाबून बघावं.

निघताना मुलाने आईला विचारलं, "मग रविवारी मुलांना बोलावू का?"

बाई म्हणाल्या, "आधी छापून येऊ दे. मुलांच्या आयांनी वाचू दे. मग त्यांना वाटलं तर पाठवतील."